पहिल्या खर्ड्याचा क्रम कसा लावायचा? (कांदा साठवणुकीची पुस्तिका)

मेघना_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी गटासाठी उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर छोटी पुस्तिका लिहिते आहे. कृषी पदवीच्या वेळच्या नोंदी आणि निफाड-चांदवडकडच्या चाळी बघून जमवलेलं, असं मिळून दहा-बारा पानांचा खर्डा तयार झालाय. ज्यांना वाचायला दिला त्यांचं म्हणणं एकच: माहिती सगळी आहे, पण हवी तेव्हा सापडत नाही.

सध्याची शीर्षकं अशी आहेत:

प्रस्तावना / कांद्याचे महत्त्व / चाळीची रचना / सड व तिची कारणे / काढणी / काही महत्त्वाच्या बाबी / खत व पाणी व्यवस्थापन / सुकवणी / प्रतवारी / निष्कर्ष

जसं आठवलं तसं लिहीत गेले, त्यामुळे क्रम हा असा आहे. हे सरळ कसं करायचं? आणि शीर्षकं बदलायची तर नेमकी कशी? 'सुकवणी' ऐवजी 'सुकवणीचे महत्त्व' केलं तर बरं दिसेल का?

भाऊसाहेब_चांदवड

ताई, साठवणुकीचं विचारताय तर सांगतो. चाळीत माल टाकायची घाई करू नका. मान हिरवी असताना भरला की आतून तापतो आणि जूनमध्ये वास सुटतो. आमच्याकडे आधी शेतात पातीसकट पडू देतात, मग पात कापून झाडाखाली नाहीतर शेडात ढीग. चाळीची रुंदी चार फूट, तळाला हवा खेळती पाहिजे. लाल कांदा साठवायच्या भानगडीत पडूच नका, तो टिकणारा नाही.

मेघना_नाशिकरोड

भाऊसाहेब, आभार. हे सगळं खर्ड्यात आहे. माझा प्रश्न लिहिण्याबद्दल आहे, कुठला मुद्दा आधी घ्यायचा आणि कुठला नंतर.

राहुल_सिडको

सोपं आहे. शेतीचं काम काळाच्या क्रमाने होतं, पुस्तिकाही काळाच्या क्रमाने लावा. लागवड, खत, पाणी, काढणी, सुकवणी, प्रतवारी, चाळ. विषय संपला. वर्डमध्ये प्रत्येक शीर्षकाला Heading 2 द्या, View मध्ये जाऊन Navigation Pane ला टिक करा. डाव्या पट्टीत शीर्षकं दिसतील. शीर्षक धरून वर-खाली ओढलं की त्याखालचा मजकूरही सोबत जातो. पाच मिनिटांचं काम.

आणि शीर्षकं प्रश्नरूपात ठेवा. 'काढणी कधी करावी?' असं. वाचकाला प्रश्नच पडलेले असतात.

अक्षरवाट

मेघना, मी बरीच वर्षं एका शेतीविषयक मासिकासाठी संपादनाचं काम केलं. असा खर्डा माझ्यापुढे नेहमी यायचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

राहुल यांनी सांगितलेली ओढाओढ उपयोगाची आहे, पण ती आत्ता केलीत तर गोंधळ जागेवरून हलेल आणि तसाच राहील. तुमच्या खर्ड्यात विभाग चुकीच्या जागी आहेत, हा वरवरचा भाग झाला. परिच्छेद चुकीच्या विभागात आहेत, हे खरं दुखणं असावं. 'काही महत्त्वाच्या बाबी' हे शीर्षक वाचूनच मला तसा संशय येतो. ज्यांना जागा सापडली नाही ते परिच्छेद अशा शीर्षकाखाली जमतात. तो विभाग अख्खा ओढून कुठेही नेलात तरी आतले परिच्छेद बेघरच राहणार.

म्हणून आधी शीर्षकं झाकून टाका, ती नाहीतच असं समजा. प्रत्येक परिच्छेद वाचा आणि तो काय सांगतो ते एका वाक्यात शेजारी लिहा. 'कशाबद्दल आहे' ते लिहू नका, 'काय सांगतो' ते लिहा. 'चाळीच्या उंचीबद्दल' हे चालणार नाही. 'थर पाच फुटांच्या वर गेला तर खालचा कांदा दबतो' हे चालेल. वाक्याला क्रियापद असलंच पाहिजे.

ती वाक्यं इथे टाका. पुढचं त्यावरून बोलू.

मेघना_नाशिकरोड

केलं. काही ठिकाणी एक वाक्य होईना, तिथे जसं आहे तसं लिहिलंय. कंसात सध्याचं शीर्षक.

१ (प्रस्तावना) नाशिक जिल्ह्यात कांदा मोठ्या प्रमाणावर पिकतो.
२ (महत्त्व) कांद्याला वर्षभर मागणी असते.
३ (चाळ) चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा, म्हणजे खालून वारा लागतो.
४ (चाळ) थर पाच फुटांच्या वर गेला तर खालचा कांदा दबतो आणि तापतो.
५ (सड) जून-जुलैच्या दमट उकाड्यात सड वाढते. पावसाळा सरताना कोंब येतात.
६ (सड) जाड मानेचा कांदा आधी सडतो, कारण मान पूर्ण मिटत नाही.
७ (काढणी) निम्म्या माना पडल्या की काढणी करावी.
८ (महत्त्वाच्या बाबी) लाल कांदा साठवू नये. जखमी कांदा वेगळा काढावा. अधूनमधून चाळ तपासावी.
९ (खत व पाणी) लागवडीनंतर दोन महिने उलटल्यावर युरिया दिला तर मान जाड होते.
१० (खत व पाणी) काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद करावे.
११ (सुकवणी) शेतात पातीसकट तीन ते पाच दिवस, मग सावलीत दहा ते पंधरा दिवस सुकवावा.
१२ (सुकवणी) पात कापताना तीन-चार सेंटिमीटर मान ठेवावी.
१३ (प्रतवारी) जोड कांदे, डेंगळे आणि चिंगळी वेगळी करावी.
१४ (निष्कर्ष) साठवणूक शास्त्रशुद्ध पद्धतीने करावी.

अक्षरवाट

छान. आता ६, ९, १२ आणि ११ ही वाक्यं याच क्रमाने एकापाठोपाठ वाचा. जाड मान सडते. उशिराच्या युरियाने मान जाड होते. कापताना थोडी मान ठेवावी. ती सुकेपर्यंत थांबावं. ही चारही वाक्यं एकाच गोष्टीची आहेत, मानेची. तुमच्या खर्ड्यात ती 'सड', 'खत व पाणी' आणि 'सुकवणी' अशा तीन विभागांत विखुरली आहेत, आणि परिणाम आधी येऊन कारण पुढे दोन विभाग उलटल्यावर भेटतं. वाचणाऱ्यांना सापडत नाही ते हेच असणार.

आता उरलेल्यांकडे बघू. ८ मध्ये तीन वाक्यं आली, म्हणजे ते तीन परिच्छेद आहेत आणि तिघांची घरं वेगळी आहेत. लाल कांद्याचा मुद्दा अगदी सुरुवातीला जाईल, कारण ज्याच्याकडे लाल कांदा आहे त्याने पुढचं वाचायचीच गरज नाही. जखमी कांदा प्रतवारीत जाईल. तपासणी शेवटी, सडीसोबत.

५ मध्ये दोन वाक्यं आहेत, पण मी ती तोडणार नाही. चाळीत कोणत्या महिन्यात कशावर नजर ठेवायची, हा तिथला एकच मुद्दा आहे. दोन वाक्यं आली की परिच्छेद तोडायचाच असा नियम नाही. दोघांचं उत्तर एकाच प्रश्नाला लागतं का ते बघायचं.

१, २ आणि १४ साठी वेगळी परीक्षा आहे. वाक्य उलटं करून बघा. 'साठवणूक अशास्त्रीय पद्धतीने करावी' असं कोणी म्हणेल का? कोणीच नाही. मग सुलटं वाक्यही वाचकाला काही देत नाही. 'निम्म्या माना पडल्या की काढा' हे उलटं करा: 'सगळ्या पडेपर्यंत थांबा'. असं म्हणणारी माणसं आहेत, म्हणून ते वाक्य सांगण्यासारखं आहे.

याच परीक्षेत तुमचं 'सुकवणीचे महत्त्व' नापास होतं. 'सुकवणी महत्त्वाची आहे' हे तर आणखी फसवं, कारण त्याला क्रियापद आहे आणि ते विधानासारखं दिसतं. पण सुकवणी बिनमहत्त्वाची आहे असं चांदवडात कोण म्हणेल?

शलाका_गंगापूररोड

मध्येच बोलते, माझंही असंच अडलंय. गोदाघाटावरच्या छोट्या विक्रेत्यांवर प्रबंध लिहिते आहे. प्रकरणांची नावं विद्यापीठाच्या साच्यातून आलेली: प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष. ती बदलायची मुभा नाही. मग विधानरूपी शीर्षकं आमच्या कामाची नाहीत ना? विश्लेषणात माझी उपशीर्षकं 'उत्पन्न', 'अडचणी', 'हंगाम' अशी आहेत.

अक्षरवाट

शलाका, प्रकरणाचं नाव तसंच राहू द्या. परीक्षक ठरलेल्या नावाने ठरलेली गोष्ट शोधतात, तिथे साचा त्यांच्या सोयीचा आहे. उपशीर्षकं मात्र बहुतेक ठिकाणी तुमच्या हातात असतात. मार्गदर्शकांना विचारून घ्या. 'हंगाम' या विभागात तुम्हाला काय सापडलं ते एका वाक्यात सांगा.

शलाका_गंगापूररोड

'विक्रेत्यांची वर्षाची कमाई सणाच्या दिवसांवर अवलंबून असते.' असं?

अक्षरवाट

तुमच्याकडे वर्षभराच्या कमाईचे आकडे आहेत का?

शलाका_गंगापूररोड

नाही. सणाच्या दिवसांत आणि साध्या दिवसांत किती विक्री झाली, एवढंच विचारलं होतं.

अक्षरवाट

मग शीर्षक मजकुराच्या पुढे पळतंय. 'सणाच्या दिवसांत विक्री साध्या दिवसांपेक्षा जास्त होते' एवढंच तुमची माहिती पेलते. शक्य असेल तर किती पट ते शीर्षकातच घाला. मोघम शीर्षक कधी खोटं ठरत नाही, कारण ते काही म्हणतच नाही. विधान केलं की ते चुकू शकतं. म्हणून प्रत्येक शीर्षक लिहून झाल्यावर खालचा मजकूर पुन्हा वाचायचा आणि त्यातलं कोणतं वाक्य शीर्षकाला आधार देतं त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा नसेल तर शीर्षक खाली आणा नाहीतर मजकूर वाढवा.

राहुल_सिडको

प्रश्नरूपी शीर्षकांचं काय? त्यावर तुम्ही बोलला नाहीत.

अक्षरवाट

'काढणी कधी करावी?' हे 'काढणी'पेक्षा बरं, कारण आत काय मिळेल ते कळतं. पण उत्तरासाठी आत शिरावं लागतं. 'निम्म्या माना पडल्या की काढणी सुरू करा' यात उत्तर शीर्षकातच आहे. पुस्तिका हातात धरून बांधावर उभा असलेला माणूस आठ शीर्षकं वाचून बरंचसं काम करू शकतो. वाचक स्वतःच्या प्रश्नाचा शब्द घेऊन शोधत येतो, अशा प्रश्नोत्तरांच्या मजकुरात मी प्रश्नच ठेवीन.

तुमच्या Navigation Pane साठी एक पुस्ती जोडते. मेघना, प्रत्येक परिच्छेदाचं ते एका वाक्याचं सार त्या परिच्छेदाच्या वरच टाइप करा आणि त्याला Heading 2 द्या. जुनी शीर्षकं काढून टाका. आता ओढाओढ केलीत की विभागांऐवजी परिच्छेद हलतील. क्रम जमला की शेजारी आलेली वाक्यं एकत्र करून खरी शीर्षकं बनवा आणि बाकीची पुसून टाका.

मेघना_नाशिकरोड

हे खूपच उपयोगी पडलं. डाव्या पट्टीत नुसती वाक्यं वाचताना ४ आणि ११ एकमेकांपासून किती लांब आहेत ते लगेच दिसलं. दोन्हींचा रोख कांदा तापण्याकडेच आहे. नवा आराखडा टाकते. निफाड-चांदवडच्या वाचकांनी बिनधास्त बोलावं.

१. साठवायला उन्हाळ कांदाच घ्या, लाल कांदा काढला की बाजारात न्या
२. उशिरा दिलेल्या युरियाने मान जाड होते आणि जाड मानेचा कांदा आधी सडतो
३. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद करा
४. निम्म्या माना पडल्या की काढणी सुरू करा
५. मान सुकल्याशिवाय कांदा चाळीत नेऊ नका
६. जोड, डेंगळे आणि जखमी कांदे चाळीबाहेर ठेवा
७. तळ उंच आणि थर पाच फुटांच्या आत असला तर मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचतो
८. जून-जुलैत सड शोधा, पावसाळा सरताना कोंब

'महत्त्व' आणि 'निष्कर्ष' काढून टाकले. प्रस्तावनेच्या जागी चार ओळी: चाळीत सडणारा बराचसा कांदा चाळीत पोचण्याआधीच बिघडलेला असतो, म्हणून ही पुस्तिका शेतातून सुरू होते.

राहुल_सिडको

म्हणजे शेवटी काळाचाच क्रम आला की.

भाऊसाहेब_चांदवड

आता कळलं ताई, तुम्ही काय विचारत होता. वाचलं. पहिलं म्हणजे पाणी 'बंद करा' नाही, पाणी 'तोडा' लिहा. आमच्याकडे पाणी तोडतात.

दुसरं. राहुलराव म्हणतात काळाचा क्रम आला, पण तो सातव्याला मोडला. चाळ कांदा निघाल्यावर कोण बांधतो? माल शेतात पडला की मजूर काढणीला, ट्रॅक्टर वाहतुकीला. तेव्हा बांबू आणायला वेळ कुणाकडे असतो? चाळ फेब्रुवारी-मार्चातच बघून ठेवावी लागते. तुमच्या पुस्तिकेप्रमाणे चाललो तर कांदा सुकून तयार आणि चाळीचा तळ तेव्हा वाचायला घेतोय. माझ्या हिशोबाने सात नंबर एक नंबरनंतर लगेच आला पाहिजे.

अक्षरवाट

भाऊसाहेब, ही अगदी मोलाची सूचना आहे. नुसत्या खर्ड्यावरून मला ते दिसलं नसतं.

राहुल, काळाचा क्रम हा निकष पुरेसा नसतो तो इथे. एकाच पुस्तिकेत दोन काळ आहेत. कांद्याचा प्रवास शेतातून चाळीत होतो. शेतकऱ्याची तयारी मात्र चाळीपासून सुरू होते. चाळ दुसऱ्या नंबरला घेतली तर मानेची गोष्ट पुन्हा तुटते, कारण लाल कांदा आणि युरिया यांच्या मध्ये बांबू आणि तळ येऊन बसतात. सातव्याला ठेवली तर भाऊसाहेब म्हणतात तसा वाचक उशिरा पोचतो.

मी सातवा विभाग जागेवर ठेवीन आणि तिसऱ्याच्या शेवटी एक ठळक ओळ टाकीन: 'पाणी तोडलं की चाळ दुरुस्तीला घ्या, मापं सातव्या भागात आहेत.' क्रम एका गोष्टीचा लावायचा आणि दुसरीसाठी वाटेत पाटी लावायची.

भाऊसाहेब_चांदवड

पाटी चालेल दुरुस्तीपुरती. ज्याला नवी चाळ बांधायची त्याला पाणी तोडल्यावर सांगून उपयोग नाही, त्याला दोन-तीन आठवडेच उरतात. मी अजून म्हणतो की चाळ आधी.

मेघना_नाशिकरोड

नव्या चाळीचा मजकूर वेगळा काढून मागच्या मलपृष्ठावर आकृतीसकट दिला तर? पुस्तिका न उघडताच दिसेल.

अक्षरवाट

तेही करता येईल. गटातल्या किती जणांकडे चाळ आधीपासून आहे त्यावर ठरवा. बहुतेकांकडे असेल तर पाटी पुरे. बहुतेक जण नव्याने बांधणार असतील तर भाऊसाहेबांचंच ऐका. वाचक कोण ते माहीत नसताना मला इथून ठरवता येणार नाही.

शीर्षकांबद्दल दोन गोष्टी राहिल्या. तुमची बहुतेक शीर्षकं 'करा', 'नेऊ नका' अशी आज्ञार्थी आहेत आणि २ व ७ 'होते', 'पोचतो' अशी आहेत. मुद्दाम केलं असेल तर ठीक, पण वाचक तिथे अडखळतो. दुसऱ्याचं 'दोन महिने उलटल्यावर युरिया देऊ नका, मान जाड होऊन कांदा सडतो' असं केलं तर तेही कृतीचं होईल आणि कारणही त्यातच राहील. 'उशिरा' म्हणजे नेमकं कधी, तेही शीर्षकातच कळेल.

दुसरं, मराठीत क्रियापद शेवटी येतं. छापताना शीर्षक दोन ओळींत गेलं आणि 'नका' एकटं खाली पडलं, तर घाईत वाचणाऱ्याला पहिली ओळ 'मान सुकल्याशिवाय कांदा चाळीत नेऊ' अशी दिसेल. तो खाली बघेलच असं नाही. नकार असलेली शीर्षकं एका ओळीत मावतील इतकी आखूड ठेवा, नाहीतर होकारात लिहा: 'मान सुकली की मगच कांदा चाळीत न्या.'

मेघना_नाशिकरोड

नकाराचा मुद्दा अजिबात लक्षात आला नव्हता. पाचवं लगेच बदलते. सातव्याचं काय करू? 'तळ दीड-दोन फूट उंच ठेवा, थर पाच फुटांच्या वर नेऊ नका' असं केलं की वाऱ्याचं कारण जातं, आणि नकार परत येतो.

राहुल_सिडको

'खालून वारा खेळू द्या: तळ दीड-दोन फूट उंच, थर पाच फुटांच्या आत.' पुढे-मागे कोणी शोधेल म्हणून 'चाळ' शब्द मात्र कुठेतरी हवा.

अक्षरवाट

राहुल, हे चांगलं जमलंय. सुरुवातीला 'चाळीत' घाला: 'चाळीत खालून वारा खेळू द्या.' आणि अनुक्रमणिका करणार असाल तर त्यात पूर्ण वाक्यं येतील अशी सोय बघा. अनुक्रमणिकेत पुन्हा 'सुकवणी', 'प्रतवारी' छापलं तर हा सगळा खटाटोप पान उघडल्यावरच दिसेल.

शलाका_गंगापूररोड

मार्गदर्शकांशी बोलले. उपशीर्षकं विधानरूपात चालतील म्हणाले, पण 'अडचणी' हा शब्द हवाच, परीक्षक तो शोधतात. 'अडचणी: पावसात उघड्यावरचा माल भिजतो आणि त्या दिवशी दुकान लागत नाही' असं केलंय. माझ्या मुलाखतींत हे बहुतेक सगळ्यांनी सांगितलं आहे, तेव्हा बोट ठेवायला जागा आहे.

भाऊसाहेब_चांदवड

मेघनाताई, गटात विचारून घ्या चाळ किती जणांकडे आहे ते. आमच्या गल्लीत निम्म्यांकडे नाही.